हंगामापूर्वीचा सल्ला: पंपाची किंमत दरपत्रकावर नाही, युनिटमध्ये मोजा

पिकांना पाणी देण्याचा हंगाम चार-सहा आठवड्यांवर आला असेल आणि सामूहिक उपसा योजनेचा, रोपवाटिकेचा किंवा फळबागेचा मोठा पंप बदलायचा विचार चालू असेल, तर दरपत्रके मागवण्याची हीच वेळ आहे. पंप बंद असल्यामुळे घाई नसते, जुना पंप उघडून बघता येतो आणि नव्याची तुलना शांतपणे करता येते. ऐन हंगामात पंप जळाला की जो लगेच मिळेल तोच बसवावा लागतो आणि मग दहा-बारा वर्षे त्याचे वीजबिल भरत राहावे लागते.

वीस-तीस किलोवॉटचा पंप हंगामात हजार-दीड हजार तास चालत असेल, तर त्याच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत हा अगदी छोटा हिस्सा असतो. तरीही तुलना बहुतेक वेळा त्याच एका आकड्यावर होते, कारण तो कागदावर ठळक छापलेला असतो आणि विजेचा आकडा कुणी काढून देत नाही. तो आपणच काढायचा आहे.

हिशेबासाठी एक सोपी युक्ती वापरावी. सगळा खर्च विजेच्या युनिटमध्ये मांडावा. पंपाची किंमत, बसवण्याचा खर्च, दुरुस्ती, सगळ्याला आपल्या प्रति युनिट दराने भागावे. मग वीज, लोखंड आणि मजुरी एकाच मापात येतात आणि उद्या दर बदलला तरी विजेचा आकडा पुन्हा मांडावा लागत नाही.

आता एक उदाहरण. योजनेला सेकंदाला ४० लिटर पाणी हवे आहे आणि एकूण हेड ४५ मीटर आहे. एकूण हेड म्हणजे सक्शनची उंची, डिलिव्हरीची उंची आणि पाइपमधल्या घर्षणाचा भार, या तिन्हींची बेरीज. पाणी नुसते उचलायला लागणारी शक्ती अशी काढतात: लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर, भागिले १०२. इथे ती साधारण १७.६५ किलोवॉट येते. याहून कमी विजेत हे काम कोणताही पंप करू शकत नाही. प्रत्यक्षात किती जास्त लागेल, हे पंपाच्या आणि मोटारीच्या कार्यक्षमतेवर ठरते.

दोन दरपत्रके समोर आहेत असे धरू. पहिल्या पंपाची या कामावरची कार्यक्षमता ६२ टक्के आणि मोटारीची ९१ टक्के. दुसऱ्याची ७६ आणि ९३.६ टक्के. पहिला मीटरमधून ३१.३ किलोवॉट ओढेल, दुसरा २४.८. हंगामात १,५०० तास चालले, तर पहिल्याला वर्षाला सुमारे ४६,९५० युनिट लागतील आणि दुसऱ्याला ३७,२३०. पहिल्याला ३७ किलोवॉटची मोटार घ्यावी लागेल, दुसऱ्याला ३० ची पुरेल, हेही लक्षात घ्यावे. दरपत्रकातला काही फरक तिथेच भरून निघतो.

समजा, पहिल्याची किंमत २४,००० युनिटइतकी आणि दुसऱ्याची ३६,००० युनिटइतकी आहे, म्हणजे दीडपट. पाया, पाइपजोडणी, स्टार्टर आणि चाचणी मिळून दोघांना ६,००० युनिट. देखभालीला पहिल्याला वर्षाला १,८०० धरू. दुसऱ्यात मेकॅनिकल सील असल्यामुळे २,२०० धरू, कारण सील बदलायला ग्लँडच्या दोरीपेक्षा जास्त खर्च येतो. बारा वर्षांनी काढून टाकताना भंगाराची किंमत काढण्याच्या खर्चापेक्षा थोडी जास्त मिळते, म्हणून पहिल्याला १,५०० आणि दुसऱ्याला २,००० वजा. बेरीज केली की पहिला सुमारे ६ लाख १३ हजार युनिटला पडतो आणि दुसरा ५ लाख १३ हजारांना. म्हणजे जो पंप १२,००० युनिटने महाग दिसत होता, तो बारा वर्षांत एक लाख युनिटने स्वस्त पडला. पहिल्या पंपाच्या एकूण खर्चात खरेदीचा वाटा जेमतेम चार टक्के आहे आणि विजेचा ९२ टक्क्यांच्या आसपास.

पैसे आज द्यायचे आणि बचत पुढे येणार, तेव्हा व्याजाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. वार्षिक १० टक्के व्याज धरले, तर बारा वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रकमेची आजची किंमत त्या रकमेच्या ६.८१ पट होते. जादा देखभाल वजा करून दुसऱ्या पंपाची वार्षिक बचत ९,३२० युनिट आहे. तिची आजची किंमत सुमारे ६३ हजार युनिट होते. त्यासाठी आज जादा द्यायचे आहेत फक्त १२ हजार. कर्ज काढून घेतला तरी दुसराच पंप परवडतो आणि जादा पैसे साधारण सव्वा हंगामात फिटतात.

पण हा निकाल तासांवर अवलंबून आहे. हाच पंप वर्षाला फक्त २०० तास चालणार असेल, म्हणजे संरक्षित पाण्यापुरता किंवा राखीव म्हणून, तर विजेची बचत १,३०० युनिटवर येते आणि किमतीतला फरक फिटायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. तिथे साधा, मजबूत आणि सुटे भाग सहज मिळणारा पंप घ्यावा. म्हणून दरपत्रक उघडण्याआधी मागच्या दोन-तीन हंगामांचे तास काढावेत. नोंदवही नसेल, तर बिलातले हंगामाचे युनिट भागिले पंप मीटरमधून ओढतो ते किलोवॉट केले की तास मिळतात.

दरपत्रकात सगळ्यात जास्त फसगत होते ती कार्यक्षमतेच्या आकड्यात. छापलेला आकडा बहुधा त्या पंपाच्या सर्वोत्तम बिंदूचा असतो, आपल्या कामाचा नसतो. ७८ टक्क्यांचा पंप चुकीच्या हेडवर चालवला, तर ६० वरही येतो. त्यामुळे विक्रेत्याकडून पंपाचा कामगिरी-आलेख मागावा, त्यावर ४० लिटर आणि ४५ मीटर जिथे भेटतात तिथली कार्यक्षमता वाचावी आणि तीच हमी म्हणून दरपत्रकात लिहून घ्यावी. ‘थोडे जास्त हेड असलेले बरे’ म्हणून ६० मीटरचा पंप घेणे ही नेहमीची चूक. तसा पंप जास्त पाणी फेकतो, मोटारीवर भार येतो, मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवावा लागतो. त्या अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हमध्ये दर तासाला पैसे जिरत असतात. सध्याच्या पंपाचा व्हॉल्व्ह कायम चिमटलेला असेल, तर नवा पंप घेण्याआधी इंपेलर घासून लहान करून भागते का, ते उत्पादकाला विचारावे. ते फार स्वस्तात होते.

जुना पंप बदलायचा की दुरुस्त करायचा, हे ठरवायला मोजमाप लागते. अँपिअर बघून हे कळत नाही. वेअर रिंग झिजली की इंपेलरने ढकललेले पाणी आतल्या आत सक्शनकडे परत फिरते. मोटार तेवढीच वीज ओढते, अँपिअर जवळपास तसेच दिसतात, शेतात मात्र पाणी कमी पोचते. आपण पंप तासभर जास्त चालवतो आणि दोष विहिरीला किंवा व्होल्टेजला देतो.

मोजायला एक हौद, घड्याळ, मीटर आणि डिलिव्हरीवरचा दाबमापक पुरतो. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद हौदातली पाण्याची पातळी तीन मिनिटांत ६० सेंटिमीटर चढली, तर ७,२०० लिटर आले, म्हणजे सेकंदाला ४० लिटर. हेच तासाला १४४ घनमीटर. पाणी हौदात सोडतानाही दाबमापकावर रोजच्या कामाइतकाच दाब राहील, एवढा व्हॉल्व्ह धरावा, नाहीतर आकडा फसवा येतो. दाबमापकावर एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर. ४.१ दिसले, तर ४१ मीटर. त्यात दाबमापकाच्या मध्यापासून विहिरीतल्या पाण्यापर्यंतचे अंतर आणि सक्शन पाइपमधले थोडे घर्षण मिळवावे, ते चार मीटर असेल तर एकूण ४५. मग तासाभराचे मीटरचे युनिट घेऊन घनमीटरने भागावे आणि पुढचे सूत्र वापरावे.

```
एकूण कार्यक्षमता = हेड (मीटर) ÷ (367 × युनिट प्रति घनमीटर)
```

एका घनमीटरला ०.१७२ युनिट लागत असतील, तर उत्तर ०.७१ येते, म्हणजे पंप आणि मोटार दोन्ही चांगल्या स्थितीत आहेत. ०.२१७ लागत असतील, तर ०.५६५. पंप नवा असताना आकडा चांगला होता आणि आता तो एवढा घसरला असेल, तर आधी पंप उघडावा. वेअर रिंगची फट मूळ फटीच्या दुप्पट झाली असेल, तर रिंग बदलावी. इंपेलरच्या तोंडावर खड्डे पडले असतील, तर सक्शनकडेही बघावे. फूट व्हॉल्व्हची जाळी चोंदली असेल किंवा सक्शनची उंची जास्त असेल, तर नवा इंपेलरही तसाच खाल्ला जाईल. दुसऱ्या पंपाची कार्यक्षमता झिजेमुळे ७६ वरून ७० झाली, तर तेवढ्याच पाण्याला वर्षाला सुमारे ३,२०० युनिट जास्त लागतात. रिंग बदलण्याचा खर्च या आकड्याशी ताडून पाहावा. बहुतेकदा रिंगच स्वस्त पडते.

देखभालीच्या खर्चात एक गोष्ट वरच्या बेरजेत आलेली नाही: बंद पडण्याचा खर्च. पीक फुलोऱ्यात किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना पंप आठवडाभर बंद राहिला, तर नुकसान पंपाच्या किमतीपेक्षाही मोठे असू शकते. म्हणून पंपासोबतच एक सीलचा संच किंवा ग्लँडची दोरी, दोन बेअरिंग, कपलिंगचे रबर आणि एक वेअर रिंग घेऊन ठेवावी आणि त्यांची किंमत तुलनेत धरावी. ज्या पंपाचे बेअरिंग ठराविक क्रमांकाचे असून कुठेही मिळते, त्याला झुकते माप द्यावे. ग्लँड कसून पाणी पूर्ण थांबवू नये. मिनिटाला ४०-६० थेंब पडू द्यावेत, नाहीतर दोरी जळते आणि शाफ्टच्या स्लीव्हला चर पडतात.

विल्हेवाटीचा आकडा छोटा असला तरी तो कागदावर घ्यावा, कारण त्यात जमा आणि खर्च दोन्ही असतात. बिडाचे केसिंग, गनमेटलचा इंपेलर आणि मोटारीतले तांबे यांचे भाव वेगवेगळे असतात, म्हणून सगळा पंप एका वजनात न विकता भाग सुटे करून विकावेत. बेअरिंग हाउसिंगमधले तेल जमिनीत किंवा ओढ्यात न सोडता डब्यात काढून वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. पंपातून खते किंवा कीडनाशके सोडली जात असतील, तर काढण्याआधी स्वच्छ पाण्याने चालवून तो धुवावा आणि ते पाणी विहिरीपासून दूर, पिकातच सोडावे. भंगाराला भाव कमी मिळतो म्हणून जुना पंप दुसऱ्या विहिरीवर बसवण्याचा मोह होतो. तिथेही तो वर्षाला दीड हजार तास चालणार असेल, तर वाया जाणारी वीज तिथल्या मीटरवर तशीच चालू राहते. वर्षातून शे-दोनशे तास लागेल अशाच ठिकाणी तो राखीव म्हणून ठेवावा.