रोकड चक्र मोजताना या चुका टाळा: बेरीज जुळते, पण तिन्ही आकडे चुकलेले असतात

व्यापारी पेढीत रोकड चक्राचा हिशेब वरवर तीन ओळींचा असतो. माल किती दिवस गोदामात पडून राहतो, त्यात विकल्यावर पैसे यायला लागणारे दिवस मिळवायचे आणि आपण पुरवठादाराला जितक्या दिवसांनी पैसे देतो ते वजा करायचे. उरलेले दिवस आपला पैसा अडकलेला. चूक होते ती प्रत्येक आकडा कशाने भागायचा इथे. गंमत म्हणजे या चुका एकमेकींना झाकतात, त्यामुळे शेवटचा आकडा पाहून काही संशयही येत नाही.

एक पेढी घेऊ. आकडे मी सोपे ठेवले आहेत आणि सगळे लाखांत आहेत. वर्षाची विक्री कर सोडून 730, विकलेल्या मालाची किंमत 584 आणि खरेदी 620.5. वर्षअखेरीस गोदामातला माल 96, ग्राहकांकडून येणे 132 आणि पुरवठादारांचे देणे 93.5. विक्री-खरेदीवर कर 10 टक्के.

घाईत केलेला हिशेब असा असतो: रोजची विक्री 2 लाख, म्हणून सगळ्याला दोनने भागा. साठ्याचे दिवस 48, येण्याचे 66, देण्याचे 47. चक्र 67 दिवसांचे. मालक हे पाहतो आणि म्हणतो, "उधारी फार झाली, वसुलीला माणूस लावा."

आता तोच हिशेब नीट करू. गोदामातला माल खरेदीच्या भावाने लिहिलेला असतो, त्यात आपला नफा नसतो. म्हणून त्याला विकलेल्या मालाच्या किमतीनेच भागायचे. ती रोज 1.6 लाख, म्हणजे साठ्याचे दिवस 60. येणे 132 आहे खरे, पण त्यात कर धरलेला आहे आणि विक्रीच्या आकड्यात तो नाही. कर काढला की 120 उरतात, त्याचे 60 दिवस. देण्यातला कर काढला की 85 उरतात. ते रोजच्या खरेदीने, म्हणजे 1.7 लाखांनी भागले की 50 दिवस. चक्र 70 दिवसांचे.

67 आणि 70. एवढा फरक कोणी मनावर घेत नाही. पण आत बघा: साठा 12 दिवसांनी कमी दाखवला होता आणि उधारी 6 दिवसांनी जास्त. वसुलीला माणूस लावायचा तो निर्णय या चुकीतून आला. म्हणून मी चक्राचा एकटा आकडा कधी वाचत नाही. तीन आकडे वेगवेगळे मांडून, त्यांचे भाजक शेजारी लिहून मगच पाहतो.

देणे भागायला काही जण विकलेल्या मालाची किंमत घेतात. माल फारसा वाढला-घटला नसेल तर चालून जाते. इथे वर्षभरात साठा 59.5 वरून 96 वर गेला, त्यामुळे खरेदी जास्त आहे आणि त्या पद्धतीने देण्याचे दिवस 50 ऐवजी 53 येतात.

आणखी एक जागा हमखास चुकते. तेरजेतला ग्राहकांचा एकूण आकडा बहुधा निव्वळ असतो. कोणी आगाऊ रक्कम देऊन ठेवली असेल तर तिची जमा बाजू इतरांच्या नावे बाकीतून वजा होऊन जाते आणि उधारी आहे त्यापेक्षा कमी दिसते. खातेवार यादी काढून जमा बाकीची खाती बाजूला केल्याशिवाय भागाकार करू नका. पुरवठादारांच्या यादीत हेच उलट्या बाजूने होते.

खरी मोठी चूक मात्र हंगामाची. वर भाजक बरोबर घेतला तरी तो वर्षाचा सरासरी आकडा आहे आणि बाकी एका दिवसाची. धंदा बारा महिने सारखा चालत असेल तर ठीक. आपल्या पेढीचा हंगाम वर्ष संपता संपता असतो असे समजा. शेवटच्या महिन्याची, म्हणजे 31 दिवसांची विक्री 90 आणि त्याआधीच्या 28 दिवसांच्या महिन्याची 60. येणे 120 आहे. त्यातून मागे मागे जात महिन्यांची विक्री वजा करायची. 90 गेले की 31 दिवस झाले. उरलेले 30 म्हणजे आधीच्या महिन्याची निम्मी विक्री, त्याचे 14 दिवस. एकूण 45. उधारी 60 दिवसांची नाहीच!

देण्यालाही हीच रीत, फक्त विक्रीऐवजी खरेदी. शेवटच्या महिन्याची खरेदी 50, आधीच्या महिन्याची 70. 85 मधून 50 गेले की 35 उरतात, तेही आधीच्या महिन्याचे निम्मे. पुन्हा 31 आणि 14, म्हणजे 45 दिवस.

साठ्याला मात्र मागे नाही, पुढे मोजायचे, कारण तो माल पुढे विकायचा आहे. हंगाम संपल्यावरच्या तीन महिन्यांत दरमहा 32 लाख किमतीचाच माल खपेल असा अंदाज असेल, तर 96 लाखांचा माल संपायला ते तीन महिने लागणार, म्हणजे 30, 31 आणि 30 मिळून 91 दिवस. आता चक्र 91 अधिक 45 वजा 45, म्हणजे 91 दिवस. घाईच्या हिशेबात 66 दिवसांची वाटणारी उधारी 45 ची निघाली आणि 48 दिवसांचा वाटणारा साठा 91 चा. साठ्याचा आकडा अंदाजावर उभा आहे, खप कमी-जास्त झाला की तो हलेल. तरी खरेदी थांबवायची की वसुलीमागे लागायचे, याचे उत्तर तो देतो.

चक्र लहान झाले म्हणून खूश होण्याआधी कोणत्या बाजूने लहान झाले ते पाहा. देण्याचे दिवस 50 वरून 65 गेले तर चक्र 15 दिवसांनी आखडते, पण ठरलेली मुदत 45 दिवसांची असेल तर ते पैसे थकवलेले आहेत. पुरवठादारांची वयवार यादी काढा. मुदत उलटलेल्या रकान्यात रक्कम साचत असेल तर सुधारणा झालेली नाही, पुरवठादाराच्या पैशावर धंदा चालला आहे. यात रोख सवलत बुडत असेल तर तीही मोजा. 30 दिवसांच्या मुदतीऐवजी 10 दिवसांत पैसे दिल्यास 2 टक्के सवलत मिळत असेल आणि आपण ती सोडली, तर 98 ची रक्कम 20 दिवस वापरायला 2 मोजतो. वर्षाच्या हिशेबाने ते सुमारे 37 टक्के व्याज झाले. बहुतेक पेढ्यांना बँकेचा ओव्हरड्राफ्ट याहून स्वस्त पडेल.

शेवटी दिवसांचे पैसे करताना सगळे दिवस एका भावाने मोजू नका. 70 दिवस गुणिले रोजची विक्री 2 लाख, म्हणजे 140 लाख अडकले, असे म्हणणे चूक आहे. वर्षअखेरीला खरोखर अडकलेले पैसे ताळेबंदातच दिसतात: 96 अधिक 132 वजा 93.5, म्हणजे 134.5 लाख. इथे कर काढायचा नाही, कारण ग्राहक आणि पुरवठादार यांच्याशी व्यवहार करासकट होतो. वसुली एक दिवस लवकर झाली तर करासकट 2.2 लाख हाती येतात. साठा एका दिवसाने कमी केला तर 1.6 लाख सुटतात. दिवसाला उधारी भारी, पण आपल्या पेढीत उधारीचे फार तर पाच-सात दिवस खेचता येतील. साठ्याचे तीस दिवस कमी करायला पुढच्या महिन्याची खरेदी तेवढी आवरली तरी पुरते.