भाषण कागदावर उतरवताना

वाचनालयातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन करताना मी आधी सगळे ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘बरं का’ आणि पुन्हा आलेले शब्द सरसकट उडवले. मजकूर सपाट झाला. शिवाय ‘जिरायती, म्हणजे पावसावरची शेती’ यातला खुलासा करणारा ‘म्हणजे’ही गेला.

मग मूळ प्रत घेऊन, ध्वनिमुद्रण लावून एकेक वाक्य ऐकलं. वक्ते शब्द शोधताना अडखळले असतील तिथली पुनरुक्ती काढली, मुद्दाम जोर दिलेली ठेवली. ‘तर काय आहे की, विहीर, म्हणजे आमची विहीर, ती आटली, पार आटली’ याचं ‘आमची विहीर आटली, पार आटली’ झालं. दुसरं ‘आटली’ म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला होता. ते काढणं मला पटेना.

छपाईआधी वक्त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक ‘बरं का’ परत घालायला लावला.