फिकट ड्रॉइंगवरून फॉल्ट शोधताय? या चुका टाळा

पॅनलच्या दाराच्या आतल्या पाकिटात एक ड्रॉइंग असतं, पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं. नाईट शिफ्टची पोरं त्याच्याशी दोनच प्रकारे वागतात, एक तर ते उघडतच नाहीत, नाहीतर उघडलं की त्यातली रेघ न रेघ खरी मानतात. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना जुनी युनिट्स भरपूर, त्यामुळे असली ड्रॉइंग्ज बघून बघून माझे डोळे गेलेत, आणि चुका मात्र त्याच त्याच.

दिसत नाही म्हणजे नाही, असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. जुन्या अमोनिया प्रिंट्स उजेडाने उडतात, मग कोणीतरी त्याची झेरॉक्स काढतं, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. यात आधी काय जातं? बारीक आणि तुटक रेघा, पेन्सिलने केलेले बदल. पॉवरच्या जाड रेघा ठणठणीत राहतात आणि तिथे बघायला ड्रॉइंग लागतंच कुणाला. पॅनलच्या बाहेर, फील्डमध्ये असलेली वस्तू बऱ्याचदा तुटक रेघेने काढलेली असते, म्हणजे रात्री अडीच वाजता जी हवी असते नेमकी तीच कागदावरून गायब.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. रबाळ्याच्या एका युनिटमध्ये अंडरग्राउंड टाकीवरचा पाण्याचा पंप, साडेसात एचपीचा, साधा डीओएल स्टार्टर, कंट्रोल सप्लाय ट्रान्सफॉर्मरमधून ११० व्होल्ट. रात्री स्टार्ट दाबलं तरी काँटॅक्टर उचलेना. नाईटचा पोरगा हुशार आहे, आयटीआय झालेला, फक्त घाई फार. त्याने ओव्हरलोड रिले बघितला, ट्रिप नव्हता, ९६ नंबरच्या टर्मिनलवर पूर्ण ११० मिळाले, तिथल्या वायरचा नंबर १३. ड्रॉइंगमध्ये तिथून रेघ सरळ स्टॉप बटणाला गेलेली. स्टॉपच्या इनकमिंगला मीटर लावला तर ५० च्या आसपास.

झालं, त्याने ठरवून टाकलं की व्होल्टेज ड्रॉप होतोय. आधी कॉइल बदलली. तसंच. मग म्हणे ट्रान्सफॉर्मर वीक झाला असणार, म्हणून तो खोलायला घेतला, अरे बाबा त्याच ट्रान्सफॉर्मरवर तुला एक फूट मागे पूर्ण ११० दिसलेत ना! तासाभराने तो परत जोडून झाला, फरक शून्य, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे, तेव्हा मला फोन आला. मी ऐरोलीत राहतो, जाऊ शकलो असतो, पण म्हटलं आधी फोनवरच बघू.

मी म्हटलं, "स्टार्ट दाबून धर आणि स्टॉपच्या इनकमिंगचं रीडिंग सांग."

"सर, जवळजवळ शून्य झालं."

"तिथल्या वायरवर नंबर काय?"

"चौदा."

"आणि ओव्हरलोडमधून निघालेल्या वायरवर?"

"तेरा."

"मग मधे काय आहे?"

"काही नाही सर, सरळ रेघ आहे."

इथेच खरी मेख आहे. कंट्रोल वायरिंगमध्ये वायरचा नंबर उगाच बदलत नाही. टर्मिनलवरून गेली, पॅनलमधून बाहेर पडली, तरी १३ ची वायर १३ च राहते, नंबर बदलतो तो एखादा काँटॅक्ट, फ्यूज, बटण असं काहीतरी ओलांडल्यावर. म्हणजे एका टोकाला १३ आणि दुसऱ्याला १४ असेल तर मधे काहीतरी आहेच, कागद काहीही म्हणू दे. मी त्याला टर्मिनल स्ट्रिप बघायला लावली, तर १३ आणि १४ दोन्हीची एकेक वायर खालच्या ग्लँडमधून बाहेर जाणाऱ्या केबलमध्ये. मग ड्रॉइंगचा मोबाईलने फोटो काढून काँट्रास्ट पूर्ण वाढवायला सांगितला. त्यात पुसट चौकोन दिसला, टाकीचा फ्लोट स्विच! बरोबर घडीवर होता, तिथली शाई उडालेली, आणि कधीतरी कोणा महाभागाने तुटलेली रेघ बॉलपेनने जोडून टाकलेली. असं कधीही करू नका हो. कळत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह काढा, पण अंदाजाने रेघ जोडू नका.

त्याने कंट्रोलचा एमसीबी ऑफ करून १३ आणि १४ च्या बाहेर जाणाऱ्या वायरी टर्मिनलवरून सोडवल्या आणि त्यांची कंटिन्युइटी घेतली. टाकीत पाणी असलं की या फ्लोटचा काँटॅक्ट जुळतो; टाकी भरलेली, म्हणजे तो जुळलेला असायला हवा, पण मीटर ओपन. मग तो छत्री घेऊन टाकीवर. जंक्शन बॉक्सच्या झाकणाचं गॅस्केट गेलेलं, आत पाणी, टर्मिनल हिरवं पडलेलं, आणि १४ ची वायर धरली तर हातातच आली. खराब भाग कापून ताजं तांबं काढलं, नवीन कनेक्टर लावला, झाकण सील केलं, पंप चालू.

मीटरवर आकडा आला म्हणजे सप्लाय आला

आता ते ५० व्होल्ट कुठून आले? केबलमध्ये १३ आणि १४ या दोन कोअर शेजारी शेजारी टाकीपर्यंत जातात. १३ लाईव्ह, १४ दोन्ही बाजूंनी मोकळी, एकीकडे तुटलेली आणि दुसरीकडे स्टार्ट बटण उघडं. शेजारच्या कोअरमुळे कपॅसिटन्समधून तिच्यावर थोडं व्होल्टेज चढतं. डिजिटल मीटर जवळपास करंटच ओढत नाही, त्यामुळे तो ते इमानदारीत दाखवतो. स्टार्ट दाबलं की कॉइल लोड म्हणून लागते आणि ते व्होल्टेज कोसळतं. खराखुरा सप्लाय असा शून्यावर येत नाही, लूज कनेक्शन असेल तर कमी होईल पण काहीतरी उरेल.

म्हणून माझी सवय अशी की अर्धवट आकडा दिसला की तो लोड लावून परत मोजायचा. माझ्या बॅगेत ११० ची एक जुनी कॉइल कायम असते, दोन वायरी लावलेली. कोणी म्हणतं लो इम्पिडन्सवाला मीटर घ्या, घ्या की, चांगलाच आहे. पण एलईडी इंडिकेटरने तपासू नका, तोसुद्धा असल्या भुतावर मिणमिणतो. निऑन टेस्टरबद्दल तर मी बोलतच नाही.

बाकीच्या, पटकन

कंटिन्युइटी घेताना वायरचं एक टोक सोडवा, नाहीतर मीटर दुसऱ्याच रस्त्याने, कॉइल आणि ट्रान्सफॉर्मरमधून फिरून येतो आणि पीं वाजवतो. आणि सप्लाय बंद केल्याशिवाय कंटिन्युइटी नाही, हे लिहायला लागतं याचंच वाईट वाटतं.

फेरूल उलटा बसला की १६ चा ९१ दिसतो. फक्त ६ किंवा ९ असेल तर खाली रेघ आहे का बघा.

वायर सोडवायच्या आधी फोटो. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या लक्षात काही राहत नाही.

आणि जंपर. त्या रात्रीसुद्धा प्रॉडक्शनवाल्याने विचारलंच, "१३-१४ शॉर्ट करून चालू करा ना, सकाळी बघू." सकाळी कोणी बघत नाही. जंपर तसाच राहतो, एक दिवस टाकी रिकामी होते, पंप कोरडा फिरतो आणि मेकॅनिकल सील जळतं. दुसऱ्या प्लांटला मी असा जंपर काढलाय ज्याच्यावर धुळीचा थर होता आणि तो कोणी टाकला ते एकालाही माहीत नव्हतं. फॉल्ट कुठल्या भागात आहे हे बघायला क्षणभर ब्रिज करायचा असेल तर माणूस पंपापाशी उभा करून करा, वायर लाल घ्या, लांब घ्या, पॅनलचं दार बंदच होणार नाही इतकी लांब. इमर्जन्सी स्टॉपला मात्र तेवढ्यापुरताही नाही.

त्या पोराने दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग नव्याने काढलं, ए३ कागदावर, फ्लोट स्विच चांगला ठळक. तारीख आणि सही टाकायला विसरला होता, ती मी करून घेतली, आणि एक कॉपी पॅनलच्या बाहेर, ऑफिसच्या फाईलमध्ये लावली.