व्हीआर हेडसेटमधील चित्र फ्रेम न गळता स्पष्ट कसे करावे

चित्र धूसर दिसले की बहुतेक जण सर्वप्रथम रिझोल्यूशन वाढवतात, आणि बहुतेक सल्लेही तेच सांगतात. हा क्रम चुकीचा आहे. आधी भिंगांमधील अंतर, मग रिफ्रेश रेट आणि शेवटी सुपरसॅम्पलिंग, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त पिक्सेलांत चित्र काढणे, हाच क्रम पाळावा. कारण भिंग डोळ्यासमोर नीट आलेले नसेल तर वाढवलेला एकही पिक्सेल उपयोगी पडत नाही. पुढील उदाहरणे केबलने लॅपटॉपला जोडलेल्या मेटाच्या क्वेस्ट २ या हेडसेटची आहेत.

डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून घ्यावे. क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, तेव्हा आपल्या मापाच्या सर्वांत जवळची निवडावी. त्यानंतर हेडसेट चेहऱ्यावर हळूहळू वर-खाली सरकवत बारीक अक्षरे सर्वांत ठसठशीत कुठे दिसतात ते पाहावे आणि तिथेच पट्टा आवळावा. गोव्यात पावसाळ्यात हेडसेट घातल्यावर पहिली काही मिनिटे भिंगांवर वाफ धरते. ती जाईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये आणि भिंगे कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत. वाळवण्यासाठी हेडसेट उन्हात ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण भिंगातून एकवटलेले ऊन आतला पडदा कायमचा जाळते.

आता खरा अवघड टप्पा, ज्यात माझे कित्येक आठवडे वाया गेले. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो रिफ्रेश रेट; त्यावरूनच संगणकाला प्रत्येक फ्रेमसाठी मिळणारा वेळ ठरतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. ९० हर्ट्झला ११.१ मिलिसेकंद मिळतात, ८० ला १२.५ आणि ७२ ला १३.९. ही मर्यादा अर्ध्या मिलिसेकंदाने जरी चुकली, तरी फ्रेम ९० वरून ८६ वर येत नाहीत. सॉफ्टवेअर खेळाला थेट ४५ फ्रेमवर आणते आणि मधल्या फ्रेम अंदाजाने रचते. मला हे प्रथम गाडीच्या खेळात जाणवले: स्टीयरिंगभोवतीची कडा जेलीसारखी थरथरत होती. ते भिंगांमुळे होते आहे असे समजून मी पुन्हा पुन्हा भिंगेच सरकवत बसलो. हाताच्या किंवा जवळच्या वस्तूच्या कडा अशा थरथरू लागल्या, तर वेळ कमी पडतो आहे असे समजावे.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. संगणकावर व्हीआर खेळ चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरमधील फ्रेम टायमिंगचा आलेख उघडून ग्राफिक्स कार्डाला लागणारा वेळ पाहावा. माझ्या लॅपटॉपवर त्या गाडीच्या खेळाला १०० टक्के रिझोल्यूशनवर ९.२ मिलिसेकंद लागत, १३० टक्क्यांवर ११.४. म्हणजे ९० हर्ट्झवर १३० टक्के अशक्य, पण ७२ वर अडीच मिलिसेकंद शिल्लक. मी ७२ निवडले, आणि दूरच्या पाट्या वाचता येऊ लागल्या. "जास्त हर्ट्झ म्हणजे जास्त चांगले" हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मर्यादेत न बसणाऱ्या ९० पेक्षा स्थिर ७२ केव्हाही डोळ्यांना सुखावह असते. मात्र ७२ वर ज्यांना पडदा लुकलुकताना जाणवतो, त्यांनी ८० वर थांबून रिझोल्यूशन थोडे कमी ठेवावे.

सुपरसॅम्पलिंगसाठी स्टीमव्हीआरच्या सेटिंगमधील Render Resolution हा पर्याय Custom वर आणावा आणि दर वेळी १० टक्के वाढवून खेळ पुन्हा सुरू करावा. येथे एक फसगत आहे. संगणकावरील मेटाच्या ॲपमध्येही रिझोल्यूशनची वेगळी पट्टी असते, आणि स्टीमव्हीआरमध्ये प्रत्येक खेळासाठी आणखी एक. या सर्वांचा गुणाकार होतो. एकच पट्टी वापरावी आणि बाकीच्या मूळ जागी ठेवाव्यात. शिवाय स्टीमव्हीआरमधील टक्केवारी एकूण पिक्सेलची आहे: १५० टक्क्यांवर कार्डाला दीडपट पिक्सेल काढावे लागतात, पण आडवी-उभी बारकाई प्रत्येकी सुमारे २२ टक्केच वाढते. त्यामुळे १५० च्या पुढे जाण्यात मला अर्थ वाटत नाही.

रिझोल्यूशन निम्मे करूनही फ्रेम गळत असतील, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा नसून बहुधा प्रोसेसरचा असतो. तेव्हा खेळातील गर्दी आणि दूरवरच्या दृश्याचे तपशील कमी करावेत. सुपरसॅम्पलिंगची पट्टी खाली आणून काहीही साधणार नाही.

शेवटची चाचणी किमान अर्धा तास चालवावी. फोंड्याच्या आमच्या घरी एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली, पंचवीस मिनिटांत लॅपटॉप तापून ११.४ चे १२.६ झाले. ७२ च्या मर्यादेत ते बसले. ८० वर मात्र तीच मांडणी सकाळी सुरळीत चालून दुपारी कोलमडली असती, म्हणून आलेखातील आकडा मर्यादेपेक्षा निदान दीड मिलिसेकंद खाली राहील इतकेच रिझोल्यूशन ठेवावे.