इंग्लंडमध्ये मराठी घरगुती रेस्टॉरंट: नाव कसं ठरवावं आणि पाटीवर काय लिहावं

समजा, लंडनच्या पश्चिमेला रेडिंग शहरात एक मराठी कुटुंब चाळीस खुर्च्यांचं रेस्टॉरंट काढतं आहे. आयटीच्या नोकऱ्यांमुळे आसपास मराठी घरं बरीच आहेत, पण ती मुख्यतः शनिवार-रविवारी बाहेर जेवतात. मंगळवार ते शुक्रवारची संध्याकाळ भरायची तर रस्त्यावरून जाणारा इंग्रज, पोलिश किंवा पंजाबी माणूस आत आला पाहिजे. नाव ठरवताना पहिली चूक इथेच होते. एकाच शब्दाने मराठी माणसाला घरची आठवण यावी आणि इंग्रजाला आत काय मिळतं तेही कळावं, अशी अपेक्षा धरली जाते. दोन्ही कामं एका शब्दाकडून होत नाहीत. ती दोन ओळींत वाटून द्यावीत: वरची ओळ नावाची, खालची ओळ ओळखीची.

पायरी १: नाव मराठी डोळ्यांनी नाही, रोमन अक्षरांत वाचा

कागदावर चार-पाच नावं मराठीत लिहून काढा आणि मग फक्त रोमन लिपीत पाहा. आपल्या कानाला गोड वाटणारी बरीच नावं इथेच गळतात. ‘आईची चूल’ रोमनमध्ये Aaichi Chool होतं. त्यातला पहिला शब्द जपानमधल्या आयची प्रांतासारखा दिसतो आणि दुसरा ‘स’ गळालेल्या स्कूलसारखा. ‘ओसरी’ सुंदर शब्द, उच्चारायलाही सोपा, पण Osari पाहून अनोळखी माणूस सुशी मागेल. ‘थाळी’, ‘ठेचा’, ‘थालीपीठ’ यांतला th इंग्रज जिभेवर ‘थिंक’मधल्यासारखा जातो. ‘ळ’ आणि ‘झ’ तर रोमनमध्ये उरतच नाहीत. महाराजा, ताज, स्पाइस, दरबार ही नावं वाचायला सोपी खरी, पण त्या गर्दीत तुमचं वेगळेपण पाटीवरच संपतं.

आता ‘पंगत’ घ्या. Pangat. सहा अक्षरं, जोडाक्षर नाही. इंग्रज माणूस ‘पॅनगट’च्या जवळपास काहीतरी म्हणेल आणि तेवढं चालतं. मराठी माणसाला केळीचं पान दिसतं. शिवाय शीख लंगरातही एका रांगेत बसून जेवण्याला पंगतच म्हणतात, त्यामुळे ब्रिटनमधल्या पंजाबी गिऱ्हाइकालाही हा शब्द परका नाही. अर्थ विचारला तर वेटर एका वाक्यात सांगू शकतो: रांगेत बसून एकत्र जेवणं. अर्थ सांगायला तीन वाक्यं लागत असतील तर ते नाव सोडा.

पायरी २: दहा माणसांची चाचणी

भारताशी संबंध नसलेली दहा माणसं गाठा. शेजारी, मुलांच्या शाळेतले पालक, दुकानदार कुणीही चालतील. पाच जणांना कागदावरचं नाव मोठ्याने वाचायला सांगा. उरलेल्या पाच जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि ते सर्चमध्ये टाइप करायला सांगा. इथला टेबल-बुकिंगचा खेळ यावरच चालतो: कुणीतरी ऑफिसात तुमचं नाव ऐकतं आणि संध्याकाळी शोधतं. टाइप करणाऱ्या पाचपैकी निदान तिघांना तुम्ही सापडू शकाल असं स्पेलिंग जमलं पाहिजे. नेमकं कुठे चुकतं तेही लिहून ठेवा. दुहेरी a आणि जास्तीचा h हे नेहमीचे गुन्हेगार, म्हणून Pangath किंवा Paangat अशी हौस नको.

वेबसाइटचा पत्ता घेतानाही तो सलग वाचून पाहा. या शहराचं नाव Reading, उच्चार ‘रेडिंग’, पण लिहिलेलं ‘वाचन’सारखंच दिसतं. pangatreading असा पत्ता घेतला तर लोकांना पुस्तकांचं मंडळ वाटायचं. त्यापेक्षा मागे kitchen किंवा eats जोडलेला बरा.

पायरी ३: नाव आपलं होऊ शकतं का ते तपासा

ब्रिटनच्या कंपनी-नोंदणी कार्यालयात, म्हणजे कंपनीज हाउसमध्ये, नाव नोंदलं गेलं म्हणजे ते आपलं झालं, हा फार महागात पडणारा गैरसमज आहे. तिथे फक्त तेच किंवा जवळजवळ तेच कंपनीनाव आधी नोंदलेलं आहे का एवढंच पाहतात. ट्रेडमार्कचा हक्क वेगळा. ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या साइटवर फुकट शोध घेता येतो. रेस्टॉरंट सेवा वर्ग ४३ मध्ये येते, तिथे तुमचं नाव आणि त्याच्यासारखी ऐकू येणारी नावं शोधा. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे, जुन्या मिळत्याजुळत्या ट्रेडमार्कमुळे हे कार्यालय स्वतःहून तुमचा अर्ज नाकारत नाही. ते जुन्या मालकाला कळवतं आणि अर्ज प्रसिद्ध करतं. त्यानंतर हरकतीसाठी दोन महिने असतात, ते तीनपर्यंत वाढवता येतात. म्हणजे अर्ज प्रसिद्ध झाला म्हणून लगेच पाटी करायला टाकू नका.

निव्वळ वर्णन करणारी नावं, म्हणजे ‘मुंबई किचन’सारखी, नोंदवायला अवघड जातात. गाव आणि पदार्थ यांवर एकाची मक्तेदारी मान्य होत नाही. नोंदणी न करताही एखाद्याने वर्षानुवर्षं वापरलेलं नाव त्याला कायदेशीर आधार देऊ शकतं, म्हणून नकाशावर आणि डिलिव्हरी ॲपवरही शोध घ्या. वर ‘पंगत’ उदाहरणापुरतं घेतलं आहे. तेच वापरायचं असेल तर हा शोध तुम्हालाही करावाच लागेल.

पायरी ४: दुसरी ओळ

खरी कमाई या ओळीची आहे. ‘इंडियन रेस्टॉरंट’ एवढंच लिहिलं की इंग्रज गिऱ्हाईक पापडम, नान आणि टिक्का मसाल्याची अपेक्षा घेऊन आत येतं, कारण ब्रिटनमधली करी हाउसं बहुतांशी सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली आणि कोर्मा, मद्रास, विंदालू ही तिखटाची शिडी त्यांच्याच मेन्यूतून रुळली. मूळ गोव्याचं व्हिनेगर-लसणाचं विंदालू इथे ‘फार तिखट’ याचा समानार्थी शब्द झालं, यावरून ती शिडी किती पक्की आहे ते कळेल. तुमचा तांबडा रस्साही लोक त्याच शिडीवर मोजणार.

‘महाराष्ट्रीयन’ हा शब्द मात्र बाहेरच्या माणसाला काहीच सांगत नाही. मुंबई आणि समुद्रकिनारा सांगतात. म्हणून ‘पंगत’खाली इंग्रजीत ‘मुंबई आणि कोकण किनाऱ्याचं घरगुती जेवण’ अशी ओळ घ्या. त्यातून गाव, मासे आणि घरगुतीपणा असं तिन्ही पोचतं. तिथे ‘बॉम्बे’ लिहायचा मोह होईल, कारण इथे बॉम्बे मिक्स आणि बॉम्बे पोटॅटोज सगळ्यांना माहीत आहेत. पण १९९५ पासून शहराचं अधिकृत नाव मुंबई आहे, आणि मराठी गिऱ्हाइकाला ‘बॉम्बे’ खटकतं ते वेगळंच.

गूगलवरच्या प्रोफाइलमध्ये नावाच्या जागी फक्त पाटीवरचं नाव टाका. त्याला ‘बेस्ट इंडियन फूड’ची शेपटी जोडणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे प्रोफाइल बंद पडू शकतं. खालची ओळ वर्णनाच्या रकान्यात जाते.

पायरी ५: मेन्यू हीच पाटीची पुढची पानं

पदार्थाचं नाव मराठीच ठेवा. खाली साध्या इंग्रजीत एक ओळ द्या: मुख्य जिन्नस, कसं शिजवलंय, किती तिखट. भाषांतर करताना सांभाळा, कारण काही शब्द इथे आधीच दुसऱ्या कामाला लागले आहेत. इथल्या लोकांना bhaji म्हणजे कांद्याचं तळलेलं भजं. मेन्यूत ‘बटाटा भाजी’ छापली की तळलेले गोळे आले नाहीत म्हणून ताट परत येणार. तिथे ‘फोडणीचा बटाटा’ म्हणा आणि खाली ‘मोहरी-हळदीत परतलेले उकडलेले बटाटे’ असं इंग्रजीत लिहा. मिसळीची मटकी शब्दकोशात moth bean आहे, पण moth म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. ‘मोड आलेली कडधान्यं’ एवढं पुरे. कोंबडी-वडे मागवणाऱ्याला वडे म्हणजे पुरीसारखी तळलेली भाकरी हे आधी सांगा, नाहीतर तो मेदूवड्याची वाट पाहत बसतो.

पदार्थ तीसच्या आत ठेवा. पहिल्या पानावर नवख्यासाठी चार पूर्ण ताटं असावीत, एक शाकाहारी, एक माशाचं, एक कोंबडीचं आणि एक मुलांचं, कारण नवखा माणूस उसळ, आमटी, भाकरी अशी स्वतः जुळवाजुळव करू शकत नाही. मराठी गिऱ्हाईक मागचं पान शोधून काढतं. तिथे रविवार सकाळची मिसळ, उपवासाची साबुदाणा खिचडी आणि गणपतीत उकडीचे मोदक वार लिहून द्या. घरी सहज होणारा पदार्थ महाग वाटला की ‘एवढ्याला वडापाव?’ हे येणारच. खपतं ते घरी करायला जिवावर येतं तेच.

ॲलर्जीची माहिती इथे नाव-ओळखीइतकीच ठळक द्या. कायद्याच्या चौदा घटकांत मोहरी, शेंगदाणा आणि तीळ तिन्ही येतात, म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक फोडणी यादीत आहे. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेही डब्यावर वाचून नोंदवा.

पायरी ६: पाटी सर्वांत शेवटी

स्थानिक कौन्सिलकडे खाद्य व्यवसायाची नोंदणी उघडण्याच्या २८ दिवस आधी करायची असते आणि ती फुकट असते. तिथे नाव द्यायच्या आत ते पक्कं झालेलं असावं. दिव्याच्या पाटीला परवानगी लागते का ते कौन्सिललाच विचारा, जुन्या संरक्षित भागात तर नक्कीच. रोमन नावाशेजारी लहान अक्षरांत ‘पंगत’ देवनागरीत घ्या. मराठी माणूस रस्त्यापलीकडून ओळखतो आणि बाकीच्यांना ती नक्षी वाटते. मात्र छापणाऱ्याला मजकूर टाइप करून पाठवू नका. त्याच्या संगणकावर अनुस्वार सरकतो आणि ‘कि’तली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. अक्षरांचे आकार गोठवून केलेली फाइल द्या आणि नमुना मराठी वाचणाऱ्याकडूनच पास करून घ्या.

पाटी करताना नाव एका पट्टीवर आणि खालची ओळ वेगळ्या, सुट्या पट्टीवर घ्या. पहिले सहा महिने फोनवर काय विचारलं जातं ते गल्ल्याजवळच्या वहीत लिहा. ‘बुफे आहे का’, ‘सगळं तिखटच असतं का’, ‘तुमच्याकडे नान नाही?’ असं वारंवार येत असेल तर नाव ठीक आहे, खालची ओळ चुकते आहे. आठवड्यातल्या संध्याकाळी एकतृतीयांशाहून जास्त टेबलं एकाच ओळखीच्या चिकन करीवर थांबत असतील तरी तेच. तेव्हा फक्त ती सुटी पट्टी बदला.