ब्लू कट चष्मा आणि स्क्रीनची डोकेदुखी : या चुका टाळा

सोलापुरात चष्म्याचे नंबर तपासण्याचे काम करताना माझ्यासमोर सर्वांत जास्त वेळा येणारी मागणी म्हणजे, ‘कॉम्प्युटरवर बसून डोके दुखते, तेवढा ब्लू कटचा चष्मा द्या.’ नवी पेठेतील हिशेबनीस, पूर्व भागातील सुताच्या पेढ्यांवर बिले करणारी मुले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मोबाइलवर करणाऱ्या मुली, असे सगळेच आजार आणि औषध दोन्ही ठरवून येतात. डोकेदुखी खरी असते, पण तिचे कारण स्क्रीनच्या निळ्या प्रकाशात जवळजवळ कधीच सापडत नाही. ते डोळ्यांच्या न तपासलेल्या नंबरात, कामाच्या अंतरात किंवा सुकलेल्या डोळ्यांत असते, आणि ब्लू कटची काच या तिन्हींपैकी एकालाही हात लावत नाही.

पहिली चूक : दुकानातल्या टॉर्चवर विश्वास ठेवणे

या चुकीवर मी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ग्राहक इथेच फसतात. दुकानदार एक छोटी टॉर्च काढतो, साध्या काचेतून जांभळट निळा झोत एका कार्डावर पाडतो आणि कार्डावर ठिपका चमकतो. मग तोच झोत ब्लू कट काचेतून सोडतो आणि ठिपका नाहीसा होतो. पाहणाऱ्याला वाटते, निळा प्रकाश अडला.

प्रत्यक्षात अशा टॉर्चचा प्रकाश साधारण 405 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्या रंगाचा असतो. मोबाइल किंवा मॉनिटरच्या एलईडीमधून जो निळा प्रकाश सर्वांत जास्त बाहेर पडतो तो 450 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. पारदर्शक दिसणारी ब्लू कट काच 420 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश चांगला अडवते, पण 450 च्या पट्ट्यातला बहुतांश प्रकाश तिच्यातून आरपार जातो. उत्पादनानुसार अशा काचा निळ्या प्रकाशापैकी साधारण 10 ते 25 टक्के भागच कमी करतात. त्याहून पुष्कळ जास्त अडवायचा तर काच ठळक पिवळी किंवा नारिंगी करावी लागेल, आणि ती घालून ऑफिसात कोणी बसणार नाही. म्हणजे टॉर्चने जे सिद्ध होते ते स्क्रीनला लागू पडत नाही.

समजा, सगळा निळा प्रकाश अडलाच, तरी डोकेदुखी थांबेल का? स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसा उघड्यावर डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या मानाने नगण्य असतो. निळ्या प्रकाशाने डोके दुखत असते तर सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांना ते आधी दुखायला हवे होते. 2023 साली कॉक्रेन या संस्थेने अशा काचांवरच्या 17 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कट काचेने स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे दिसले नाही. त्या चाचण्या लहान आणि अल्प मुदतीच्या होत्या, हे मान्य करायला हवे. तरीही ज्या काचेसाठी जादा पैसे घेतले जातात, तिचा फायदा दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे असे मी मानतो. या काचेने अपाय होत नाही. अपाय होतो तो ‘आता उपाय झाला’ असे समजून तपासणी पुढे ढकलल्याने.

दुसरी चूक : झीरो नंबरचा चष्मा घेऊन खरा नंबर तसाच ठेवणे

याचे एक उदाहरण तपशिलात सांगतो. पूर्व भागातील एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब पाहणारे बेचाळीस वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे आले. खुर्चीत बसताच म्हणाले, “दोन चष्मे झाले बघा, दोन्ही ब्लू कट. तरी दुपारी तीन वाजले की कपाळ धरतंय की ओ.” दोन्ही चष्मे झीरो नंबरचे होते. दुकानात मशीनवर डोळे लावून घेतले होते आणि ‘नंबर किरकोळ आहे, झीरोच राहू द्या’ असे सांगण्यात आले होते.

मी आधी चष्म्याबद्दल विचारत नाही, दुखण्याचे वेळापत्रक विचारतो. त्यांचे डोके सकाळी उठताना कधीच दुखत नसे. रविवारी दुखत नसे. महिन्याच्या 10 ते 20 तारखेदरम्यान, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या धावपळीत, ते रोज दुखे. दुखणे भुवयांच्या वर सुरू होऊन कानशिलांकडे जाई आणि सोबत बिलावरचे आकडे पुसट होत. कामाबरोबर वाढणारे आणि सुटीला थांबणारे दुखणे म्हणजे डोळ्यांवरच्या श्रमाची दाट शक्यता.

मशीनचा आकडा ही तपासणीची सुरुवात असते, शेवट नव्हे. प्लस नंबर असलेला डोळा आतल्या स्नायूला सतत ताणून तो नंबर स्वतःच भरून काढत असतो, त्यामुळे मशीनला तो नंबर कमी दिसतो. म्हणून मी ट्रायल फ्रेममध्ये आधी जास्त प्लसची भिंगे घालून दूरचे मुद्दाम धूसर करतो आणि मग एकेक पायरी उतरत येतो. त्या सवडीत स्नायू सैल पडतो आणि लपलेला नंबर वर येतो. या गृहस्थांना दोन्ही डोळ्यांना प्लस 0.75 निघाला आणि उजव्या डोळ्याला थोडा सिलिंडर नंबरही होता. दूरचा फलक ते चष्म्याशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते, म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती.

आता हिशेब करून पाहा. एक मीटरवर स्पष्ट पाहायला डोळ्याला एक डायॉप्टर जोर लावावा लागतो आणि अंतर घटेल तसा तो वाढतो. त्यांचा मॉनिटर 65 सेंटिमीटरवर होता, म्हणजे तिथे साधारण दीड डायॉप्टर लागे. बिले ते 35 सेंटिमीटरवर धरत, तिथे जवळजवळ तीन लागत. यात न भरलेला पाऊण नंबर मिळवला की बिलांसाठी साडेतीनच्या पुढे जोर जाई. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याची एकूण ताकद साडेचार ते सहाच्या घरात असते, आणि तासन्‌तास काम करायचे तर त्यातली निम्मी राखीव राहावी लागते. म्हणजे स्क्रीन कशीबशी मर्यादेत बसत होती, पण बिले मर्यादेबाहेर गेली होती. दोष स्क्रीनवर आला, कारण ती समोर होती.

त्यांना मी टेबलापुरता वेगळा चष्मा दिला, दूरच्या नंबरात एक मिळवून, म्हणजे प्लस 1.75, आणि सिलिंडर त्यात घातला. त्यातून मीटरभराच्या पलीकडचे धूसर दिसते, म्हणून तो घालून स्कूटर चालवायची नाही, हे दोनदा बजावले. दुसरे काम त्यांनी स्वतः केले. बिले टेबलावर सपाट न ठेवता मॉनिटरशेजारी स्टँडवर, जवळपास स्क्रीनच्याच अंतरावर लावली, त्यामुळे डोळ्यांना दर मिनिटाला दोन अंतरांमध्ये उड्या माराव्या लागेनाशा झाल्या. पुढच्या विवरणपत्राच्या वेळी त्यांचे डोके दुखले नाही.

इथे उतावळ्या मंडळींसाठी एक गोष्ट. सिलिंडरचा नवा चष्मा घातल्यावर पहिले काही दिवस फरशी तिरकी वाटते, थोडे गरगरते. दुसऱ्याच दिवशी चष्मा पेटीत ठेवून ‘मला सोसला नाही’ म्हणणाऱ्यांना मी परत घालायला लावतो. दोन आठवडे नियमित वापरूनही त्रास राहिला तर मात्र काच तपासून घ्यावी. सिलिंडरचा अक्ष चुकलेला असतो किंवा भिंगांचे मध्य बाहुल्यांसमोर आलेले नसतात.

तिसरी चूक : सुकलेल्या डोळ्यांना थकलेले डोळे समजणे

एरवी माणूस मिनिटाला पंधराच्या आसपास पापण्या मिटतो. स्क्रीनकडे एकाग्र पाहताना हे प्रमाण पाच ते सातवर येते आणि त्यातल्याही अनेक पापण्या अर्ध्याच मिटतात. त्यात सोलापूरचा उन्हाळा, चाळिशीपार गेलेला पारा, डोक्यावर पूर्ण वेगाने फिरणारा पंखा आणि कूलरची तोंडावर सोडलेली हवा. अश्रूंचा पातळ थर काही सेकंदांत फाटतो आणि डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात.

हे ओळखायची सोपी खूण आहे. अक्षरे पुसट झाली की दोन-तीनदा पापण्या पूर्ण मिटून उघडा. लगेच स्पष्ट दिसले तर डोळा सुकलेला आहे. पापण्या मिटूनही अक्षर तसेच पुसट राहिले आणि दूर पाहिल्यावर सुधारले, तर नंबरचा किंवा जवळ पाहण्याच्या ताकदीचा प्रश्न आहे.

सुकणाऱ्या डोळ्यांसाठी मी सर्वांत आधी हवेची दिशा बदलायला सांगतो, थेंब नंतर. स्क्रीनची वरची कड नजरेच्या किंचित खाली हवी, म्हणजे पापणी अर्धवट उतरलेली राहते आणि डोळ्याचा कमी भाग उघडा पडतो. मान दुखते म्हणून मॉनिटर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर फार उंच चढवणारे एक दुखणे घालवून दुसरे आणतात. थेंब लागलेच तर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे साधे कृत्रिम अश्रू वापरावेत, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, कोरडेपणा जात नाही, आणि थेंब बंद केल्यावर लाली वाढून परत येते.

उरलेल्या चुका, थोडक्यात

दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर, वीस सेकंद पाहण्याचा नियम चांगला आहे, पण घड्याळ लावून तो कोणी पाळत नाही. मी बिलांचा एक गठ्ठा संपला की उठून खिडकीपर्यंत जायला सांगतो, आणि हे टिकते.

खोलीत अंधार करून मोबाइल पाहू नये. स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाइतका ठेवावा.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्म्याने हनुवटी वर करून मॉनिटर पाहत असाल तर दुखणे मानेतून डोक्यात चढते, टेबलाचा चष्मा वेगळा करून घ्या.

रात्री झोप लागत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठीही ब्लू कट काचेचा फायदा ठामपणे दिसलेला नाही. मोबाइल लवकर बाजूला ठेवणे फुकट आहे.

आणि सकाळी उठतानाच दुखणारे डोके, सोबत उलट्या, एकाएकी दुहेरी दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये किंवा एका डोळ्याची नजर अचानक जाणे, यांपैकी काहीही असेल तर चष्म्याच्या दुकानात येऊ नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे जा.