फराळाच्या पिशवीवर सूट लावण्याआधी

गावातल्या किराणा दुकानात दिवाळीची फराळ-पिशवी लावायची असेल तर पाटी रंगवण्याआधी वही उघडा आणि प्रत्येक मालाची खरी खरेदी लिहून काढा. ठोक बिलावरचा भाव म्हणजे खरेदी नव्हे. त्यात हमाली, तालुक्याहून माल आणायचं भाडं आणि पोत्यातली घट मिळवा. साखरेचं ५० किलोचं पोतं सुटं विकताना पाव-अर्धा किलो कमी भरतं, आणि साखरेत सुटणारा पैसा तेवढ्यानेही बराच आटतो.

मग मालाचे तीन गट करा. आकडे तुमच्या दुकानाचे घाला. हिशेब दिसावा म्हणून इथे गोल आकडे धरले आहेत. साखर आणि सोयाबीन तेल ४८० ला पडतं, ५०० ला विकतं, म्हणजे सुटतात २०. बेसन, रवा, पातळ पोहे आणि फल्लीदाणे २५० ला पडतात, ३०० ला जातात, सुटतात ५०. चिवडा मसाला, वेलची, उटणं, अगरबत्ती १४० ला पडते, २०० ला जाते, सुटतात ६०. हजाराच्या मालात १३० सुटतात, आणि त्यातले जवळजवळ निम्मे त्या छोट्या पुड्यांमध्ये आहेत.

म्हणूनच ‘सगळ्यावर ५ टक्के सूट’ अशी पाटी लावू नका. साखर-तेलावर ५ टक्के म्हणजे २५ रुपये, आणि तिथे सुटतात २०. गर्दी वाढेल तसा तोटा वाढेल, कारण गर्दी नेमकी साखर-तेलालाच होते. भाव साखर-तेलाचा तोडायचा नाही, पूर्ण पिशवीचा तोडायचा.

आता पिशवी ९७० ला लावली असं धरा. कापडी पिशवी आणि भरणावळ १० रुपये. हाती उरतात ९०. हा आकडा बरा की वाईट हे ग्राहकावर ठरतं, आणि बहुतेक जण हाच भाग सोडून देतात. जो एरवी तुमच्याकडून फक्त पहिले दोन गट नेतो आणि उटणं-मसाला आठवडी बाजारात घेतो, त्याच्याकडून ७० सुटत होते. त्याच्या पिशवीमागे तुम्ही २० जास्त कमावता. पण जो दरवर्षी सगळं तुमच्याकडूनच नेतो, त्याच्याकडून १३० सुटत होते. त्याच्या पिशवीमागे ४० गेले. म्हणजे असा एक पक्का ग्राहक पिशवी नेईल तेव्हा ती नेणारे अर्धवट ग्राहक दोन हवेत, तेव्हा कुठे बरोबरी. उधारीच्या वहीतली नावं वाचत गेलात की कोण कुठल्या गटात ते समजतं. दोनाला एक हे प्रमाण बसत नसेल तर ३० रुपये सोडू नका.

त्याऐवजी भाव हजारच ठेवून ३० रुपये छापील किमतीची, तुम्हाला २० ला पडणारी आणखी एक अगरबत्ती वर द्या. ग्राहकाला ३० चा फायदा दिसतो, तुमचे जातात २०, पिशवीचे १० धरून हाती १०० उरतात. आता अर्धवट ग्राहकामागे ३० वाढतात, पक्क्यामागे ३० जातात. एकाला एक पुरतो. कंपनीची ‘१२ वर १ फुकट’ स्कीम आली असेल तर भेट त्यातूनच काढा. पडून राहिलेला किंवा मुदत संपत आलेला माल मात्र त्यात खपवू नका. गावात ती गोष्ट दुसऱ्या दिवशी चावडीवर असते.

पिशवी फक्त रोखीने किंवा फोनवरून पैसे देणाऱ्याला. सोयाबीनचे चुकारे हातात असतात तेव्हा हे जमतं. कापूस विकेपर्यंत ९७० तीन महिने उधार राहिले आणि तुमचा पैसा महिना २ टक्क्यांनी लागलेला असेल, तर ५८ रुपये तिथेच गेले; ९० चे ३२ उरले.

‘उटणं काढा अन् भाव कमी करा,’ असं ऐकू येणारच. उटण्याऐवजी त्याच भावाची, तेवढेच पैसे सुटणारी पणती द्या. पण तिसरा गट काढून पिशवी देऊ नका, नाहीतर उरते ती स्वस्तातली साखर. पिशव्या एकदम भरून ठेवू नका. आधी १५-२० भरा, बाजाराच्या आदल्या रात्री, आणि तोंड उघडंच ठेवा, म्हणजे उरल्या तर माल परत फळीवर जातो. तेलाचा भाव दर आठवड्याला हलतो, तेव्हा पत्रकावर तारीख टाका.

विकताना प्रत्येक पिशवीमागे वहीत ‘पक्का’ किंवा ‘अर्धवट’ अशी खूण करा, आणि दिवाळीनंतरचे पंधरा दिवस सुट्या साखर-तेलाची विक्री मागच्या वर्षीशी ताडून बघा. ती घसरली असेल तर दिवाळीतली विक्री वाढलेली नव्हती, पुढची आधी झाली होती; घसरलेल्या विक्रीत जेवढे सुटले असते तेवढे पिशवीच्या कमाईतून वजा करा.